जिगसॉ आणि 'विचार–जोडी–सहभाग': सहकारी अध्ययनाच्या दोन पद्धती

अध्यापन पद्धती : स्वाध्याय क्र. 3
प्रश्न : सहकारी अध्ययनाच्या कोणत्याही दोन पद्धती स्पष्ट करा आणि आपल्या विषयातील एका घटकासाठी त्यांचे उपयोजन दाखवा.
निवडलेला घटक : रक्ताचे घटक व कार्ये (सामान्य विज्ञान, इयत्ता आठवी, पटसंख्या 32)

गटात बसणे म्हणजे सहकारी अध्ययन नव्हे

चार विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एक तक्ता करायला दिला की काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. एकजण तक्ता करतो, दुसरा रंग देतो, तिसरा खोडरबर शोधतो आणि चौथा खिडकीबाहेर बघतो. तक्त्यावर नावे मात्र चौघांची असतात. याला गटकार्य म्हणता येईल, सहकारी अध्ययन म्हणता येणार नाही.

डेव्हिड जॉन्सन आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी सहकारी अध्ययनाचे पाच घटक सांगितले आहेत: सकारात्मक परस्परावलंबन, वैयक्तिक उत्तरदायित्व, समोरासमोरची आंतरक्रिया, सामाजिक कौशल्ये आणि गटाने स्वतःच्या कामाचा घेतलेला आढावा. माझ्या मते यातले पहिले दोन जमले नाहीत, तर उरलेल्या तिघांना फारसा अर्थ राहत नाही. इतरांशिवाय माझे काम अडले पाहिजे आणि माझ्या वाटचे काम दुसऱ्या कोणाला करता येऊ नये. पुढील दोन्ही पद्धतींत ही अडवणूक उपदेशाने नव्हे, रचनेनेच साधलेली आहे.

जिगसॉ : उगम

जिगसॉ पद्धत 1971 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात आकाराला आली. तिथल्या शाळांमधले वर्णभेदावर आधारलेले विभाजन नुकतेच संपले होते. गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्गात ताणतणाव होता. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून निरीक्षण करू लागले, तेव्हा अडचण शिकवण्याच्या रीतीतच दडलेली दिसली. शिक्षक प्रश्न विचारणार, मुले हात वर करणार, एकाची निवड होणार आणि बाकीचे हिरमुसणार. ज्याला उत्तर येत नाही तो खाली मान घालून बसणार. दुसऱ्याचे चुकले तरच आपल्याला संधी, अशी ती व्यवस्था होती.

त्यांनी ती व्यवस्था उलटवली. एका व्यक्तीचे चरित्र तुकड्यांत विभागले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. संपूर्ण चरित्र कोणाकडेच नाही आणि परीक्षा मात्र सगळ्यांची संपूर्ण चरित्रावर. एका गटात भाषेची अडचण असलेला मुलगा अडखळत बोलू लागला तेव्हा इतर मुले त्याला चिडवू लागली. निरीक्षकाने त्यांना रागावले नाही. चिडवण्यातून चरित्राचा तो भाग तुम्हाला कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढीच आठवण करून दिली. मग मुले त्याला नेमके, सोपे प्रश्न विचारायला शिकली, कारण ती माहिती फक्त त्याच्याकडे होती. पद्धतीचे सगळे मर्म मला या प्रसंगात दिसते.

जिगसॉ : कार्यपद्धती

निवडलेल्या घटकाचे चार भाग सहज पडतात: रक्तद्रव, लोहित रक्तकणिका, श्वेत रक्तकणिका आणि रक्तपट्टिका. 32 विद्यार्थ्यांचे चार-चारचे आठ मूळ गट करावेत. गट शिक्षकाने पाडावेत. मुलांवर सोडले तर मित्र मित्रांजवळ जातात आणि नवीन आलेला विद्यार्थी शेवटपर्यंत उभा राहतो. प्रत्येक गटात वाचनाचा वेग, बोलण्याची सवय, मुलगे-मुली यांचे मिश्रण असावे.

मूळ गटातल्या प्रत्येकाला एका भागाची अर्ध्या पानाची चिठ्ठी मिळते. लोहित रक्तकणिकांच्या चिठ्ठीत आकार, हिमोग्लोबिन, ऑक्सिजनचे वहन, केंद्रकाचा अभाव आणि सुमारे 120 दिवसांचे आयुष्य इतकेच असेल. रक्तद्रवाच्या चिठ्ठीत रक्ताचा सुमारे 55 टक्के भाग तोच असतो, त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि विरघळलेली पोषकद्रव्ये, प्रथिने, टाकाऊ पदार्थ त्यातून वाहून नेले जातात, हे असेल. आधी प्रत्येकजण आपला भाग शांतपणे वाचतो.

मग मूळ गट मोडतात आणि एकच भाग मिळालेले विद्यार्थी एकत्र येऊन तज्ज्ञ गट होतो. येथे एका भागाचे आठ जण होतात. आठ जणांत दोघे-तिघेच बोलतात, म्हणून प्रत्येक भागाचे चौघांचे दोन तज्ज्ञ गट करावेत. तज्ज्ञ गटात दोन कामे होतात: भाग नीट समजून घेणे आणि तो मूळ गटाला कसा समजवायचा ते ठरवणे. दुसरे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. रक्तपट्टिकांच्या गटाने 'आपण आकृती काढू, आधी जखम दाखवू, मग गुठळी' असे ठरवले, तरच मूळ गटात शिकवणे होते. नाही तर चिठ्ठीचे मोठ्याने वाचन होते.

शेवटी विद्यार्थी मूळ गटात परततात, क्रमाने शिकवतात, प्रश्न विचारतात, नोंदी घेतात. त्यानंतरची चाचणी प्रत्येकाने एकट्याने सोडवायची.

40 मिनिटांच्या एका तासिकेत हे बसत नाही. पहिल्या तासिकेत वाचन आणि तज्ज्ञ गट, दुसऱ्या तासिकेत प्रत्येक भागाला पाच मिनिटांप्रमाणे वीस मिनिटांचे शिकवणे आणि दहा मिनिटांची चाचणी, अशी विभागणी सोयीची ठरते.

कोणता घटक निवडावा

इथे पाठ टाचणात सर्वाधिक चुका होतात. ज्या आशयाचे तुकडे स्वतंत्रपणे समजतात, तोच आशय जिगसॉला चालतो. रक्तद्रव समजण्यासाठी रक्तपट्टिका आधी माहीत असण्याची गरज नाही. पचनाच्या प्रक्रियेचे मात्र तसे नाही. लहान आतड्याचा 'तज्ज्ञ' जठरात काय झाले हे जाणल्याशिवाय अर्धवटच समजून घेईल. वर्गसमीकरण सोडवण्याच्या पायऱ्या चौघांत वाटून देणे तर व्यर्थच: तिसरी पायरी शिकलेल्याच्या हाती काहीच लागत नाही.

अडचणी

सर्वांत गंभीर अडचण चुकीची माहिती पसरण्याची. एका तज्ज्ञ गटाने 'श्वेत कणिकांची संख्या लोहित कणिकांपेक्षा जास्त असते' असे समजून घेतले, तर ते चौघे चार मूळ गटांत जातात आणि सोळा विद्यार्थ्यांपर्यंत चूक पोहोचते. म्हणून शिक्षकाने आपला वेळ तज्ज्ञ गटांच्या टप्प्यावर खर्च करावा. प्रत्येक गटाजवळ जाऊन एखादा प्रश्न विचारला तरी गैरसमज उघडा पडतो. मूळ गटांच्या वेळी दुरुस्ती करायला फार उशीर झालेला असतो.

गैरहजेरी ही रोजची गोष्ट. 31 जण आले तर एका गटात तिघे राहतील. त्या तिघांनी राहिलेल्या भागापुरते शेजारच्या गटात जाऊन बसावे. 33 झाले तर एका भागाला दोघे.

रॉबर्ट स्लाविन यांच्या जिगसॉ 2 या रूपात सर्वजण संपूर्ण मजकूर वाचतात, प्रत्येकाकडे एका उपविषयाची जबाबदारी असते आणि चाचणीतील वैयक्तिक सुधारणेवरून गटाला गुण मिळतात. त्यामुळे पाठ्यपुस्तकातला मजकूर न तोडता वापरता येतो. पण सगळ्यांनी सगळे वाचलेले असल्याने एकमेकांची गरज थोडी सैल होते, हे मान्य करावे लागेल.

विचार–जोडी–सहभाग

ही पद्धत मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडली. तिच्या मागे एक साधे निरीक्षण आहे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असे दिसले. हा अवधी तीन सेकंद किंवा अधिक केल्यावर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, उत्तर न देण्याचे प्रमाण घटले. लायमन यांनी या शांततेला पद्धतीची पहिली पायरी केले.

प्रश्न ऐकल्यावर विद्यार्थी एक-दोन मिनिटे एकट्याने विचार करतो, शक्यतो वहीत दोन ओळी लिहितो. नंतर शेजाऱ्याबरोबर उत्तर ताडून पाहतो. त्यानंतर काही जोड्या वर्गापुढे बोलतात. एवढीच पद्धत. कागद नको, बाके हलवणे नको, पाच-सात मिनिटांत काम होते.

सोपी आहे म्हणूनच ती लवकर बिघडते. 'शेजाऱ्याशी चर्चा करा' असे थेट सांगितले की पहिली पायरी गळाली. मग जोडीतला चटपटीत विद्यार्थी बोलतो, दुसरा मान डोलावतो आणि पुन्हा तक्त्याचीच गोष्ट होते. लिहिलेल्या दोन ओळी असतील तर बुजऱ्या मुलाकडे जोडीत आणायला काहीतरी असते. त्याचे म्हणणे आधी एका ओळखीच्या कानावर पडते, मग 32 जणांसमोर जाते.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. 'रक्ताचे घटक किती?' या प्रश्नाला जोडीत बोलण्यासारखे काही नाही. त्याऐवजी असे विचारावे: 'माणसाच्या परिपक्व लोहित रक्तकणिकेत केंद्रक नसते. याचा तिला काय फायदा आणि काय तोटा?' एकाला सुचते की हिमोग्लोबिनला जागा जास्त मिळते. दुसऱ्याला सुचते की कणिका स्वतःची दुरुस्ती किंवा विभाजन करू शकत नाही आणि म्हणून ती मर्यादित काळच जगते. दोन अर्धी उत्तरे जोडीत एकत्र येतात.

सहभागाच्या टप्प्यावर 'तुझे उत्तर सांग' ऐवजी 'तुझ्या जोडीदाराचे म्हणणे काय होते?' असे विचारावे. या एका बदलाने ऐकणे अपरिहार्य होते. आठ-दहा जोड्यांचे ऐकत बसण्याची गरज नसते. तीन वेगवेगळी उत्तरे पुरतात. नंतर तीच ती उत्तरे येऊ लागतात आणि वर्ग कंटाळतो.

दोन्हींचा एकत्र वापर

जिगसॉने नवा आशय शिकवता येतो आणि त्याला तयारी लागते. विचार–जोडी–सहभाग कोणत्याही पाठात अधेमधे वापरता येते, पण त्यातून नवी माहिती मिळत नाही, आहे ती तपासली जाते. म्हणून या घटकासाठी वरील केंद्रकाचा प्रश्न मी दुसऱ्या तासिकेत, मूळ गटांचे शिकवणे संपल्यावर आणि चाचणीपूर्वी ठेवला आहे. लोहित कणिकांचा 'तज्ज्ञ' मूळ गटात काय सांगून गेला, ते इतरांना किती कळले, याचा अंदाज सात मिनिटांत येतो. त्यापुढे तीन मिनिटे दुरुस्तीसाठी राखून ठेवली आहेत.

चाचणीत चार वस्तुनिष्ठ प्रश्न आहेत, प्रत्येक भागावर एक, आणि पाचवा असा: 'गुडघा खरचटल्यावर थोड्या वेळाने रक्त थांबते, जागा सुजते आणि काही वेळा पू होतो. यात रक्ताच्या कोणत्या घटकाचे कोणते काम दिसते?' गुठळीसाठी रक्तपट्टिकांबरोबर रक्तद्रवातले फायब्रिनोजेन लागते आणि पुवात मेलेल्या श्वेत कणिका असतात, त्यामुळे एकट्या चिठ्ठीवर हे उत्तर पूर्ण होत नाही. तपासताना विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भागाचे गुण आणि इतर तीन भागांचे गुण वेगळ्या रकान्यांत नोंदवावेत. स्वतःच्या भागात सगळे पुढे आणि एखाद्या विशिष्ट भागात संपूर्ण गट मागे, असे दिसले तर त्या गटाच्या त्या तज्ज्ञाला समजावण्यात मदत हवी आहे. पुढच्या घटकाच्या वेळी तज्ज्ञ गटात सरावासाठी त्याला आधी बोलू द्यावे.