दूध संकलन अहवालाचा बग: फिक्स आज नाही, शुक्रवारी (२८ जून) संध्याकाळी

नमस्कार प्रसाद सर,

अहवालात तारीख चुकते, त्या बगचा फिक्स आज संध्याकाळी देते म्हणाले होते. तो आज जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ हवा आहे.

सर्व्हरवर वेळ यूटीसीत साठते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत केंद्रावर आलेलं दूध आदल्या दिवसात पडतं. अहवालाची क्वेरी मी सोमवारीच दुरुस्त केली:

```sql
DATE(CONVERT_TZ(collected_at, '+00:00', '+05:30'))
```

तेवढ्यावरच मी तुम्हाला बुधवार सांगितला. दहा दिवसांचं बिल काढणारा कोडही तीच चुकीची तारीख वापरतो, हे मी तेव्हा तपासलं नाही. तिथे माझा अंदाज चुकला. काल जुन्या बिलांशी आकडे जुळवून बघताना ते कळलं.

एका सभासदाचं उदाहरण देते. २१ जूनला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी त्यांनी साडेनऊ लिटर दूध घातलं. आपल्याकडे ती नोंद २० जून, २३:४२ अशी आहे. म्हणून ते दूध ११ ते २० च्या बिलात धरलं गेलं आणि त्याचे पैसेही त्यांना मिळाले. आता बिलाची तारीख नुसती सुधारली, तर तेच दूध २१ ते ३० च्या बिलात पुन्हा येईल आणि पैसे दुसऱ्यांदा जातील. त्या पहाटेच्या अशा ४७ नोंदी आहेत. एकदा जास्त गेलेले पैसे पुढच्या बिलातून कापायची वेळ शेतकऱ्यांवर आणायची नाही, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या बिलात गेली तो क्रमांक टाकते आहे. बिल निघालेली नोंद पुन्हा धरलीच जाणार नाही. कोड आज रात्रीपर्यंत होईल. उद्या जुन्या नोंदींवर क्रमांक चढवून एप्रिलपासूनची सगळी बिलं पैशापर्यंत जुळवायची आहेत, खरा वेळ तिथेच लागेल. शुक्रवारी सकाळी निखिल टेस्ट करेल. जुळणी अडली तर उद्या सहापर्यंत तुम्हाला फोन करते, शुक्रवारपर्यंत थांबणार नाही.

फक्त अहवाल आज लाइव्ह करता येईल, पण करू नये असं माझं मत आहे. संस्थेचे सचिव अहवाल आणि बिल शेजारी ठेवून तपासतात, दोन्हींत फरक दिसला तर आजच्यापेक्षा जास्त गोंधळ होईल. पुढचं बिल १ जुलैला निघतं, म्हणजे शुक्रवारी लाइव्ह झालं तरी ते वेळेत सुधारलेलं असेल. तोवर कुणी ११ ते २० चं बिल पुन्हा काढू नये, एवढं संस्थेला आजच सांगाल का?

आणखी एक. कालचा बॅकअप टेस्ट सर्व्हरवर चढवायला इन्फ्राची परवानगी लागते. तुमचा मेल आज गेला तर उद्या सकाळी नऊला मला जुळणी सुरू करता येईल.

– अनघा