‘घड्याळे नसती तर…’ : तपासलेला निबंध आणि अभिप्राय

प्रिय सई,

तुझ्या निबंधाचे दोन्ही फोटो मिळाले. पहिले पान स्वच्छ वाचता आले. दुसऱ्या पानाचा फोटो काढताना तुझ्या हाताची सावली खालच्या ओळींवर पडली आहे आणि कागदाची घडी नेमकी रेल्वेगाड्यांच्या वाक्यावरून गेली आहे. त्या घडीतला एक शब्द मला लागला नाही. तो ‘वेळेवर’ असावा असे वाटते, पण तुझे शब्द मी अंदाजाने भरणार नाही. तिथे तीन टिंबे ठेवली आहेत, काय लिहिले होतेस ते कळव.

आणखी एक. फोटोत शाईचा ठिपका आणि अनुस्वार सारखेच दिसतात. फोटो मोठा करून पाहिल्यावरही जिथे शंका राहिली, तिथे मी चूक धरली नाही. खाली प्रत्येक परिच्छेद आधी तू लिहिलास तसा आणि मग दुरुस्त करून दिला आहे. मी फक्त चुका काढल्या आहेत. वाक्ये माझ्या पद्धतीने सजवली नाहीत, कारण निबंध तुझा आहे.

पहिला परिच्छेद

तू लिहिलेस: आजच्या युगात घड्याळाचे महत्व खुप आहे. घड्याळ बघुनच आपला दिवस सुरु होतो. पण घड्याळे नसती तर काय होईल? असा विचार माझ्या मनात आला, आणी मी खिडकित जाऊन बसली.

दुरुस्त: आजच्या युगात घड्याळाचे महत्त्व खूप आहे. घड्याळ बघूनच आपला दिवस सुरू होतो. पण घड्याळे नसती तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात आला आणि मी खिडकीत जाऊन बसले.

दुसरा परिच्छेद

तू लिहिलेस: घड्याळ नसती तर शाळेची घंटा कधी वाजवायची हे शिपायाना कळणार नाही. परिक्षेत तीन तास संपले हे कोणालाच समजले नसते. आईला ऊठायला उशीर झाला असता आणि ती रागवेल. रेल्वेगाड्या … येणार नाहीत. सर्व जग थांबुन जाईल. पुर्वीच्या काळी घड्याळ नव्हती म्हणुन लोकांना वेळ कळत नव्हता.

दुरुस्त: घड्याळे नसती तर शाळेची घंटा कधी वाजवायची हे शिपायांना कळले नसते. परीक्षेत तीन तास संपले हे कोणालाच समजले नसते. आईला उठायला उशीर झाला असता आणि ती रागावली असती. रेल्वेगाड्या … आल्या नसत्या. सर्व जग थांबले असते. पूर्वीच्या काळी घड्याळे नव्हती, म्हणून लोकांना वेळ कळत नव्हती.

तिसरा परिच्छेद

तू लिहिलेस: आमच्या घरी आजोबांचे एक जुने घड्याळ आहे. ते दर रविवारी चावी देतात. एकदा आजोबा आजारी होते तेव्हा कोणीच चावी दिली नाही आणि ते बंद पडल. त्या दिवशी घरात खूप शांत वाटलं. मग मी त्यांची मदत केली आणि चावी दिली.

दुरुस्त: आमच्या घरी आजोबांचे एक जुने घड्याळ आहे. आजोबा त्याला दर रविवारी चावी देतात. एकदा आजोबा आजारी होते, तेव्हा कोणीच चावी दिली नाही आणि घड्याळ बंद पडले. त्या दिवशी घरात खूप शांत वाटले. मग मी त्यांना मदत केली आणि चावी दिली.

चौथा परिच्छेद

तू लिहिलेस: म्हणुन घड्याळ हा आपला खरा मित्र आहे. वेळेची किंमत ओळखा. वेळ हि संपत्ती आहे.

दुरुस्त: म्हणून घड्याळ हा आपला खरा मित्र आहे. वेळेची किंमत ओळखा. वेळ ही संपत्ती आहे.

शुद्धलेखन

एकूण १५ चुका निघाल्या. आकडा पाहून घाबरू नकोस, कारण त्यातल्या बऱ्याचशा दोन-तीन नियमांत बसतात.

‘बघुनच’, ‘थांबुन’ आणि दोनदा ‘म्हणुन’. या चारही ठिकाणी चूक एकच आहे. ‘ऊन’ प्रत्यय नेहमी दीर्घ: बघून, थांबून, म्हणून. ‘जाऊन’ मात्र तू बरोबर लिहिलेस, कारण तिथे ‘ऊ’ सुटा दिसतो. तो अक्षरात मिसळला की तुझा हात ऱ्हस्वाकडे जातो. एवढी एक सवय बदललीस तर पुढच्या निबंधात चार चुका आपोआप कमी होतील.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून ‘सुरू’ आणि ‘ही’. ‘आणि’ हा याला अपवाद आहे. तू नेमके उलटे केलेस: ‘हि’ ऱ्हस्व लिहिलास आणि ‘आणी’ दीर्घ. ‘खिडकी’चा दीर्घ इकार ‘खिडकीत’मध्येही तसाच राहतो.

‘खूप’मधला उकार दीर्घ, कारण पुढचे अक्षर अकारान्त आहे. ‘फूल’ तसेच. पण प्रत्यय लागला की ‘फुलाला’. याच कारणाने ‘ऊठ’ दीर्घ आणि ‘उठायला’ ऱ्हस्व. गंमत म्हणजे तिसऱ्या परिच्छेदात तू ‘खूप’ बरोबर लिहिले आहेस, म्हणजे शब्द तुला येतो. लिहून झाल्यावर निबंध एकदा सावकाश वाचत जा.

‘परीक्षा’ आणि ‘पूर्व’ हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत, त्यांना हा नियम लावायचा नाही. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा झाली, म्हणून ‘री’ दीर्घ, आणि ‘परीक्षेत’ लिहितानाही ती दीर्घच राहते. ‘महत्त्व’ म्हणजे महत् अधिक त्व. दोन ‘त’ असे आले.

‘शिपायांना’ हे अनेकवचन आहे, त्यावर अनुस्वार हवा. आणि ‘पडल’ व ‘वाटलं’ शेजारच्याच वाक्यांत आहेत. बोलण्यातले रूप लिहायचे तर ‘पडलं, वाटलं’ असा शेवटी अनुस्वार हवा. लेखी रूप घ्यायचे तर ‘पडले, वाटले’. बाकी सगळा निबंध तू लेखी रूपात लिहिला आहेस, म्हणून मी तेच ठेवले. आजोबांकडे जुनी पुस्तके असतील तर त्यांत ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिसतील. तो लेखनाचा जुना रिवाज आहे. १९६२ च्या लेखननियमांनी ते वगळले, त्यामुळे आपण ते देत नाही.

व्याकरण

सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. शीर्षकातच ‘नसती तर’ आहे. ‘पाऊस पडला तर भिजू’ असे आपण म्हणतो तेव्हा पाऊस पडण्याची शक्यता असते. ‘पाऊस पडला असता तर भिजलो असतो’ म्हणताना तो पडलेला नसतो, आपण न घडलेल्या गोष्टीची कल्पना करतो. घड्याळे तर आहेत. ती नसण्याची तू कल्पना करते आहेस, म्हणून वाक्याचे दुसरे टोकही ‘असते, नसते’वरच संपले पाहिजे. तू पाच ठिकाणी तिथून घसरलीस: होईल, कळणार नाही, रागवेल, येणार नाहीत, थांबुन जाईल. आईचे वाक्य पुन्हा वाच. ‘उशीर झाला असता’ अशी सुरुवात बरोबर आहे आणि ‘आणि’ ओलांडताच काळ बदलला. कल्पनेवरचा निबंध वाचणारा या ‘असते-नसते’च्या धाग्यावर चालत असतो. तो तुटला की आपण कल्पनेत आहोत की भविष्यात, हे त्याला कळेनासे होते.

‘घड्याळ नसती’मध्ये क्रियापद अनेकवचनी आहे, मग नामही ‘घड्याळे’ हवे.

‘वेळ कळत नव्हता’ ही चूक मोठ्यांकडूनही होते. ‘माझा वेळ गेला’ यात वेळ म्हणजे कालावधी, तो पुल्लिंगी. ‘जेवायची वेळ झाली’ यात ठरावीक क्षण, तो स्त्रीलिंगी. किती वाजले ते कळत नसेल तर ‘वेळ कळत नव्हती’.

‘मी बसली’ असे अनेक घरांत बोलतात, आणि बोलण्यात ते चूक नाही. निबंधाच्या प्रमाण भाषेत मुलगी ‘मी बसले’ लिहिते. ‘त्यांची मदत केली’ ही हिंदीची ढब आहे, मराठीत आपण कुणाला तरी मदत करतो. ‘घड्याळ हा मित्र’ मात्र बरोबर आहे, कुणी खोडले तर ऐकू नकोस. तिथला ‘हा’ पुढच्या ‘मित्र’शी जुळतो.

आशय

तुझा तिसरा परिच्छेद वाचून मी थांबले. घड्याळ बंद पडले आणि घरात शांत वाटले, हे वाक्य फक्त तूच लिहू शकतेस. बाकी निबंधातल्या गोष्टी वर्गातल्या कुणीही लिहिल्या असत्या. पण एवढी मोठी गोष्ट तू पाच वाक्यांत उरकलीस. ती शांतता कशी होती? टिकटिक थांबली आहे हे आधी कुणाच्या लक्षात आले? आजोबा पलंगावरून काय म्हणाले? चावी देताना हाताला काय जाणवले? शिवाय तो बंद घड्याळाचा दिवस म्हणजे तुझ्या शीर्षकाचेच उत्तर आहे. एका घरापुरती घड्याळे नव्हती! माझ्या मते निबंध तिथूनच सुरू व्हायला हवा. ‘आजच्या युगात’ ही सुरुवात निर्धास्तपणे काढून टाक.

दुसऱ्या परिच्छेदात एक विधान चुकले आहे. घड्याळे नव्हती तेव्हाही लोकांना वेळ कळत होती. सावलीवरून कळे, ताऱ्यांवरून कळे. बुडाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत, ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. दिवसरात्र मिळून ६० घटका. प्रहर तीन तासांचा, आणि ‘दुपार’ हा शब्द दोन प्रहरांवरूनच आला. आपण अजूनही ‘घटकाभर बस’ म्हणतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की मिनिटे कळली नसती तर जगणे कसे बदलले असते?

रेल्वेचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे, ते सोडू नकोस. नुसते गाड्यांना उशीर झाला असता, एवढ्यावर ते थांबत नाही. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तिथल्या सूर्यावर चाले आणि गावागावांत काही मिनिटांचा फरक असे. वेळापत्रक करायचे तर सगळ्या स्थानकांवर एकच वेळ हवी, म्हणून ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांनी १८४० च्या दशकात आपापल्या मार्गांवर एक वेळ लागू केली. घड्याळेच नसती तर वेळापत्रकच नसते. हे दोन-तीन वाक्यांत तुझ्या शब्दांत लिही.

आई रागावली असती, हे गोड आहे, राहू दे. शेवटची तीन वाक्ये सुविचाराच्या फळ्यावरची वाटतात, ती काढ.

गुण

सध्या २० पैकी ११ देते: आशय ८ पैकी ५, मांडणी ६ पैकी ४, भाषा ६ पैकी २. दुसरा खर्डा आल्यावर पुन्हा तपासेन.

दुसरा आणि तिसरा परिच्छेद नव्याने लिहून शुक्रवारपर्यंत पाठव, पहिल्याचा आणि चौथ्याचा विचार त्यानंतर करू. एक ओळ सोडून लिही, म्हणजे मला दुरुस्तीला जागा मिळेल. फोटो दिवसा खिडकीपाशी काढ, कागद सपाट ठेव आणि फोन बरोबर वरून धर. आणि लिहायला बसण्याआधी आजोबांना विचार, चावी किती वेळा फिरवायची हे हाताला कसे कळते.

तुझ्या बाई