शनिवारचं ठरलेलं, केतकीसाठी

केतकी, हे वाचून झालं की फोन कर. आईला सांगितलेलं नाही, वहिनीला सगळं माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी ५ वाजता निखिल आणि मी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटतोय. रविवार मुद्दाम टाळला, मेगाब्लॉक असला तर परतताना अडकायला होतं. जागा दादर पश्चिमेला, रानडे रोडवरचं आपलं नेहमीचं कॉफीचं दुकान. तिथला गल्ल्यावरचा मुलगा मला ओळखतो. दुकानाचा नंबर तुला पाठवलाय. निखिल आधी येऊरला जाऊ म्हणाला होता, घरून गाडीने न्यायलाही तयार होता. दोन्हीला नाही म्हटलं. त्याने लगेच मान्य केलं, हे मला बरं वाटलं. तरी पहिल्या भेटीत त्याच्या गाडीत बसायचं नाही, हे पक्कं. त्याचा फोटो, नंबर, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट तुझ्याकडे आहेत. व्हिडिओ कॉल झालाय, चेहरा तोच आहे.

जाताना मुलुंडहून लेडीज डब्यातून. निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांसाठी लावते, तुला आणि वहिनीला. टिंब हललं नाही तर लगेच घाबरू नकोस, आधी शेवटचं अपडेट किती वाजताचं आहे ते बघ. पॉवर बँक घेतेय. पाचशे रुपये रोख वेगळ्या कप्प्यात ठेवते.

सव्वापाच, सव्वासहा आणि सव्वासातला माझा व्हॉइस नोट येईल. टाइप केलेला मेसेज धरू नकोस, तो माझ्या फोनवरून कोणीही पाठवू शकतं. मी "आईची बीपीची गोळी मिळाली का?" असं विचारलं, बोलून किंवा लिहून, तर लगेच फोन कर आणि "आई पडली, ताबडतोब ये" म्हण. मी उठून निघेन.

पंधरा मिनिटं उलटूनही नोट आला नाही तर दोनदा फोन कर. मग दुकानात फोन करून मी दिसतेय का विचार. तिथे नसेन आणि फोनही लागत नसेल तर ११२ लाव, लोकेशन सांग. उगाच गोंधळ होईल म्हणून थांबू नकोस. माझा फोन डिस्चार्ज झालेला निघाला तर मी त्याची माफी मागेन, पण तू फोन लावच. तू माटुंग्याला आहेस म्हणून तुला सांगतेय, पण एकटी धावत येऊ नकोस, दादाला घेऊन ये.

प्यायला मागवलेलं टेबलावर सोडून उठावं लागलं तर परत आल्यावर नवीन मागवेन. बिल अर्धं-अर्धं. गप्पा रंगल्या तर फार तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत, तिथे शनिवारी बसायला जागा मिळत नाही इतकी गर्दी असते. अंधार पडल्यावर समुद्राकडे जायचं नाही. बेत बदलला तर आधी तुला कळवेन, मगच हलेन.

साडेसातला निघणार. मी मुलुंडला राहते एवढंच त्याला माहीत आहे, सोसायटीचं नाव नाही. सोडायला येतो म्हणाला तर दादर स्टेशनपर्यंतच. मागे कोणी येतंय असं वाटलं तर घरी न जाता मुलुंड स्टेशनवर गर्दीतच थांबेन, वहिनी स्कूटर घेऊन येईल.

घराचं दार आतून लावलं की शेवटचा व्हॉइस नोट, त्यानंतरच लोकेशन बंद. तोपर्यंत तुझा फोन सायलेंटवर नको.