शनिवारच्या सिनेमाबद्दल: हरिश्चंद्राची फॅक्टरी

मंडळी, शनिवारी नानांचं सहस्रचंद्रदर्शन आटोपलं, जेवणं झाली आणि दुपारची वामकुक्षीही झाली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असं मागच्या रविवारी ठरलं होतं. निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दीपकदादाने तीन नावं सुचवली. तिन्हींत पहिल्या पाच मिनिटांत कोणी ना कोणी मरतं. नानांच्या दिवशी ते नको. म्हणून मी परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काल परत पाहिला आणि तोच पक्का केला. मेसेज लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गोष्ट दादासाहेब फाळक्यांची, पण त्यांच्या अख्ख्या आयुष्याची नाही. छापखान्यातल्या भागीदाराशी बिनसलेलं आहे, हाताशी धंदा नाही, आणि 1911 साली मुंबईत ते तंबूत हलती चित्रं बघतात, तिथपासून पुढची तीनेक वर्षं. तंबूतून बाहेर येतात ते डोक्यात भुंगा घेऊनच. मग घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जातात, शेजारीपाजारी 'हा कामातून गेला' असं ठरवून मोकळे होतात, डोळे दगा देतात, विमा गहाण टाकून स्वारी लंडनला जाते, कॅमेरा घेऊन परत येते आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येतो. हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी बघताना कंटाळा येत नाही. कारण मोकाशींनी फाळक्यांचा पुतळा केलेला नाही. नंदू माधवांचे फाळके म्हणजे आपल्या बापूकाकांसारखा माणूस. पदरी पैसा नाही, पण चेहऱ्यावर 'आता बघाच गंमत'. दुसरा दिग्दर्शक असता तर विकलेल्या कपाटामागे सारंगी वाजली असती. इथे घरातलं सामान बाहेर जातं आणि पोरं ते खेळ चालल्यासारखं बघतात.

वाटाण्याच्या रोपाचा प्रसंग सांगायलाच हवा. सिनेमासाठी पैसा कोण देणार? तेव्हा फाळके कुंडीत वाटाणा पेरतात, कॅमेरा एका जागी रोवून रोज थोडं थोडं चित्रण करतात, आणि पडद्यावर कोंब वर येऊन रोप सरसर वाढताना दिसतं. आज फोनमध्ये बोट दाबलं की हे होतं, पण त्यासाठी तेव्हा कॅमेऱ्यापाशी चिकाटीने दिवसच्या दिवस बसायला लागायचं. अथर्वला हा प्रसंग मुद्दाम दाखवायचाय. त्याने शाळेच्या प्रकल्पासाठी मटकी पेरली होती आणि दुसऱ्याच दिवशी उकरून बघितली होती!

मला सर्वांत आवडल्या सरस्वतीबाई. विभावरी देशपांडेंनी त्या अशा काही केल्यात की सोशिक बायको, त्यागमूर्ती वगैरे शब्द तोंडात येत नाहीत. बाई नवऱ्याच्या उद्योगात पुऱ्या सामील आहे. शंका आली की विचारते, हसू आलं की हसते, आणि फिल्मच्या कामालाही हात लावते. खऱ्या सरस्वतीबाईही कंपनीच्या माणसांना रांधून वाढायच्या आणि वर फिल्म धुण्याचं काम शिकलेल्या होत्या. वहिनी, तुम्ही हे बघून दीपकदादाकडे एकदा तरी वळून बघणार, पैज लावते.

हसून पुरेवाट होते ती नटमंडळींच्या भागात. बायकांची कामं करायला बाई मिळेना, कारण सिनेमात जाणं म्हणजे अब्रू गेली. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ही खरी गोष्ट आहे, रचलेली नाही. स्त्रीपार्टी पुरुषांना मिशी काढा म्हटलं की ते अडून बसतात, वडील हयात असताना मिशी कशी काढायची! आणि सिनेमात काम करतो असं सांगायची सोय नाही, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत की हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. नाव आलं ते तिथून.

आता कोणाला आवडेल ते रोखठोक सांगते. नाना, तुम्हाला शंभर टक्के. नऊवारी, पागोटी, चाळ, जुनी मुंबई, सगळं निवांत दिसतं, आणि पात्रं एकमेकांवर ओरडत नाहीत, स्वच्छ बोलतात. तरी कानाचं यंत्र लावून बसा. सई, तू कॅमेरा शिकतेस, तुझ्यासाठी तर हा अभ्यासच आहे. फक्त मध्ये मध्ये थांबवून आम्हाला समजावू नकोस. चिन्मय आणि मृण्मयी, पोरांना जर्मनीत राहून मराठी जेमतेम कळतं त्याची काळजी नको. अर्धी गंमत हावभावातच आहे, आणि फाळक्यांच्या हातचलाखीच्या जादूला तर भाषा लागतच नाही. एक आधीच सांगून ठेवते, नायिका शोधत फाळके बदनाम वस्तीतही जातात. दाखवलंय अगदी हलक्या हाताने, वावगं काही नाही, पण पोरांनी 'आजोबा कुठे गेले?' विचारलं तर उत्तर वैशूताईने द्यायचं. ती शिक्षिका आहे.

नलूकाकू, तुमचं मात्र सांगता येत नाही. रडायला मिळणार नाही, सासूही वाईट नाही, किंबहुना वाईट असं कोणी नाहीच. दीपकदादाला पहिला अर्धा तास 'काही घडतच नाहीये' वाटेल. त्याच्यासाठी सोफ्याचा कोपरा राखून ठेवलाय, घोरायचं नाही एवढीच अट.

दोन गोष्टी मला खटकल्या. अभिनयाचा बाज नाटकाकडे झुकतो, सगळे जण कायम थोडे चढ्या सुरात प्रसन्न असतात. सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. आणि अडचणी इतक्या चटकन सुटतात की त्या माणसाने खरोखर काय सोसलं असेल त्याचा अंदाज येत नाही. मोकाशींनी ते जाणूनबुजून केलंय हे कळतं, तरी डोळ्यांच्या दुखण्यापाशी सिनेमा जरा थांबला असता तर मला चाललं असतं. बाकी, हा त्यांचा पहिलाच सिनेमा, आणि भारतातर्फे ऑस्करला पाठवला होता, हे चिन्मयच्या पोरांना सांगा, म्हणजे ती नीट बसतील.

लांबी दीड तासाच्या आसपास. पाच वाजता लावला तर दिवेलागणीच्या आत संपतो आणि नानांचं रात्रीचं जेवण वेळेवर होतं. पेनड्राइव्हची जबाबदारी सुमितची. ऐन वेळी 'टीव्हीला चालत नाही' हे ऐकायचं नाहीये, शुक्रवारी रात्री लावून बघ.

आणखी एक. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, पुढे कंपनी चालवली ती नाशकात, आणि 1944 मध्ये गेले तेही इथेच. सिनेमात हे सगळं येत नाही, गोष्ट बरीच आधी संपते. पण सगळे नाशकात आहातच, तर रविवारी सकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे तिथे चक्कर मारू. माझ्या गाडीत चार जण मावतील, बाकीचे दादाच्या गाडीत. कोण येतंय ते इथेच लिहा, नुसता अंगठा दाखवू नका. मागच्या वेळी अकरा अंगठे आले आणि माणसं तीन.

– मीना