वंशवृक्षातून समूळ वृक्षाची ओळख : इयत्ता आठवीसाठी पाठ नियोजन

विषय: गणित. घटक: समूळ वृक्ष, जनक, अपत्य, खोली आणि उंची. कालावधी: प्रत्येकी 40 मिनिटांच्या दोन तासिका. साहित्य: नावे लिहिलेली 11 कार्डे, साधारण दीड मीटर लांबीचे सुतळीचे 10 तुकडे, रंगीत खडू आणि प्रत्येक विद्यार्थ्याची वही. पूर्वज्ञान म्हणून बेरीज आणि दोन संख्यांतील मोठी संख्या ओळखणे एवढेच पुरेसे आहे.

पाठाचे उद्दिष्ट

पाठाच्या शेवटी विद्यार्थ्याला दिलेल्या समूळ वृक्षातील मूळ, पाने, कोणत्याही बिंदूचा जनक आणि त्याची अपत्ये ओळखता यावीत, तसेच खोली आणि उंची या दोन संख्या कारण देऊन काढता याव्यात. शेवटच्या दोन संकल्पनांना या नियोजनात मुद्दाम अधिक वेळ दिला आहे. जनक आणि अपत्य हे संबंध मुलांना घरातूनच माहीत असतात. खोली आणि उंची मात्र एकच गोष्ट वरून किंवा खालून मोजण्याचे दोन प्रकार आहेत, असा समज सहज होतो. खोली मुळाकडून खाली उतरत जाते आणि उंची पानांकडून वर चढत येते, हे मुलांनी स्वतः करून पाहिले, तरच हा समज दूर होतो.

कोणाचा वंशवृक्ष घ्यावा

विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरचा वंशवृक्ष आणायला सांगू नये. दत्तक मूल, एकाच पालकासोबत राहणारे मूल किंवा नुकतेच घरातील माणूस गमावलेले मूल यांना त्या सूचनेने अकारण अवघडल्यासारखे होते आणि गणितासाठी त्या माहितीची काहीही गरज नसते. त्याऐवजी येथे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरातील बर्नुली घराण्याचा काही भाग घेतला आहे. या एकाच घराण्यात अनेक गणितज्ञ झाले. याकोब यांचे संभाव्यतेवरील आणि डॅनियल पहिला यांचे द्रवांच्या प्रवाहावरील काम आजही शिकवले जाते. फळ्यावर पुढील आकृती काढावी.

```
निकोलस (1623–1708)
├─ याकोब (1655–1705)
├─ निकोलस, चित्रकार (1662–1716)
│  └─ निकोलस पहिला (1687–1759)
└─ योहान पहिला (1667–1748)
   ├─ निकोलस दुसरा (1695–1726)
   ├─ डॅनियल पहिला (1700–1782)
   └─ योहान दुसरा (1710–1790)
      ├─ योहान तिसरा (1744–1807)
      ├─ डॅनियल दुसरा (1751–1834)
      └─ याकोब दुसरा (1759–1789)
```

हे संपूर्ण कुटुंब नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. येथे निवडक व्यक्ती आणि केवळ वडील–मुलगा एवढाच संबंध दाखवला आहे. ही मर्यादा दुसऱ्या तासिकेत उपयोगी पडणार आहे. या घराण्यात तीच नावे पुन्हा पुन्हा येतात, हीदेखील सोयीची गोष्ट आहे: नुसते «निकोलस» म्हटल्याने व्यक्ती ठरत नाही, पण «मुळापासून योहान पहिला, आणि तेथून निकोलस दुसरा» असा मार्ग सांगितला की ती निश्चित होते.

पहिली तासिका

अकरा विद्यार्थ्यांना कार्डे देऊन आकृतीप्रमाणे चार रांगांत उभे करावे. मुळाच्या जागी असलेला विद्यार्थी वगळता प्रत्येकाने सुतळीचे एक टोक स्वतःच्या उजव्या हातात धरावे आणि दुसरे टोक आपल्या जनकाच्या डाव्या हातात द्यावे. मग उरलेल्या वर्गाला विचारावे: एकूण सुतळ्या किती लागल्या आणि का? मुले मोजून 10 असे उत्तर देतील. त्यावर समाधान न मानता कारण काढून घ्यावे. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक सुतळी म्हणजे एक कडा. मूळ सोडून प्रत्येकाच्या उजव्या हातात नेमकी एक सुतळी आहे, म्हणून 11 बिंदूंना 10 कडा लागतात आणि `n` बिंदूंच्या वृक्षाला `n − 1` कडा लागतात. वर्गातील बहुतेकांसाठी ही त्या दिवसाची पहिली खरी सिद्धता असेल, त्यामुळे ती दोन-तीन विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत पुन्हा सांगावी.

यानंतर व्याख्या द्याव्यात. ज्याच्या उजव्या हातात सुतळी नाही ते मूळ. उजव्या हातातील सुतळी ज्याच्याकडे जाते तो जनक; डाव्या हातात ज्यांच्या सुतळ्या येतात ती अपत्ये. ज्यांचा डावा हात रिकामा आहे त्यांना खाली बसायला सांगावे: हे सात जण म्हणजे पाने. याकोब यांचे कार्ड धरलेला विद्यार्थी वरच्या रांगेत असूनही खाली बसतो, याकडे वर्गाचे लक्ष वेधावे, कारण पान म्हणजे सर्वांत खालच्या रांगेतील बिंदू ही चुकीची कल्पना येथेच दुरुस्त होते.

खोलीसाठी मुळाने मोठ्याने «शून्य» म्हणावे आणि प्रत्येक अपत्याने आपल्या जनकाच्या संख्येत एक मिळवून उत्तर सांगावे. खोली 0 वर एक, खोली 1 वर तीन, खोली 2 वर चार आणि खोली 3 वर तीन बिंदू येतात. व्यवहारात आपण मूळ पुरुषाला पहिली पिढी म्हणतो, म्हणून खोली ही पिढीच्या क्रमांकापेक्षा एकाने कमी असते. येथे आपण माणसे मोजत नसून मुळापासून त्या बिंदूपर्यंतच्या कडा मोजत आहोत, हे फळ्यावर लिहून ठेवावे.

उंचीसाठी आवाज उलट दिशेने न्यावा. प्रत्येक पानाने आपल्या जनकाला «शून्य» असे सांगावे. जनकाने मात्र लगेच बोलू नये. सर्व अपत्यांच्या संख्या हाती येईपर्यंत थांबावे, त्यांतील सर्वांत मोठी निवडावी, तीत एक मिळवावा आणि मगच आपली संख्या वर कळवावी. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. योहान पहिला यांना दोन अपत्यांकडून शून्य हे उत्तर तत्काळ मिळते, पण योहान दुसरा आपल्या तीन अपत्यांकडून ऐकून 1 ही संख्या कळवेपर्यंत त्यांना स्वतःची उंची 2 आहे हे ठरवता येत नाही. खोली सांगणाऱ्याला एकाच जनकाचे ऐकावे लागते, उंची सांगणाऱ्याला सर्व अपत्यांचे. दोन्ही संकल्पनांतला फरक मुलांना येथे दिसतो. मुळाची उंची 3 येते आणि तीच वृक्षाची उंची.

तासिकेच्या अखेरीस एकच प्रश्न वहीत सोडवायला द्यावा: याकोब, चित्रकार निकोलस आणि योहान पहिला या तीन भावांची खोली आणि उंची लिहा. तिघांची खोली 1 आहे, तर उंची अनुक्रमे 0, 1 आणि 2 आहे. एकाच जनकाच्या अपत्यांची खोली नेहमी समान असते, पण उंचीबद्दल असे काहीच म्हणता येत नाही.

दुसरी तासिका

विद्यार्थ्यांना पुन्हा सुतळ्यांसह उभे करावे आणि मूळ व योहान पहिला यांच्यामधील सुतळी सोडवावी. आता दोन वृक्ष झाले. योहान पहिला नव्या वृक्षाचे मूळ झाल्याने त्यांच्या सर्व वंशजांची खोली एकाने घटते. योहान तिसरा यांची 3 वरून 2 होते. या वृक्षातील एकाही बिंदूची उंची मात्र बदलत नाही. मागे उरलेल्या वृक्षाची उंची 3 वरून 2 वर येते. असे का, हे विद्यार्थ्यांनी आवाजाच्या दिशा आठवून सांगावे: खोली वरच्या भागावर ठरते आणि वरचा भाग तुटला, उंची खालच्या भागावर ठरते आणि तो जसाच्या तसा राहिला.

सुतळी पुन्हा जोडून, सर्वांना जागच्या जागी ठेवून, डॅनियल पहिला हे मूळ मानावे. सुतळ्या त्याच आहेत, पण आता योहान पहिला हे डॅनियल यांचे अपत्य आणि ज्येष्ठ निकोलस हे योहान पहिला यांचे अपत्य ठरतात. निकोलस पहिला यांची खोली 4 होते, आणि वृक्षाची उंचीही 4. जुन्या आणि नव्या मुळामधल्या मार्गावरील तिघांचाच जनक बदलला, इतरांचा नाही, हे मुलांनी शोधून काढावे. येथे अपत्य या शब्दाचा अर्थ नात्यापासून सुटतो आणि तो केवळ मुळावर अवलंबून राहतो. वर्ग या टप्प्यावर थोडा गोंधळला तरी चालेल. घाई करू नये, गरज पडल्यास पुढील भाग गृहपाठात न्यावा.

त्यानंतर आईचा प्रश्न घ्यावा, कारण एखादी विद्यार्थिनी तो विचारतेच आणि तो विचारला जायलाच हवा. योहान पहिला यांच्या शेजारी मुलांच्या आईसाठी एक बिंदू वाढवून तिघा मुलांपासून तिच्यापर्यंत सुतळ्या नेल्या, तर आईपासून एका मुलाकडे, तेथून वडिलांकडे, दुसऱ्या मुलाकडे आणि पुन्हा आईकडे असे वर्तुळ तयार होते. समूळ वृक्षात प्रत्येकाला जास्तीत जास्त एक जनक असतो आणि वर्तुळ नसते, म्हणून ही आकृती वृक्ष राहत नाही. कुटुंब खरे आहे आणि वृक्ष हे त्याचे एका नियमाने घेतलेले चित्र आहे. वडिलांऐवजी आईच्या बाजूनेही तितकाच योग्य वृक्ष काढता येतो.

उलट, एखाद्या व्यक्तीला मूळ मानून तिच्या खाली आई-वडील, त्यांच्या खाली त्यांचे आई-वडील असा पूर्वजांचा वृक्ष काढला, तर खोली `k` वर `2^k` जागा येतात: 1, 2, 4, 8 आणि खोली 10 वर 1024. आई-वडील एकमेकांची सख्खी चुलत, मामे किंवा आते भावंडे असतील, तर खोली 3 वरील आठ जागांवर सहाच वेगवेगळ्या व्यक्ती असतात, कारण एकच पणजोबा आणि एकच पणजी दोन-दोन जागी येतात. जागा आणि व्यक्ती यांतला हा भेद हुशार विद्यार्थ्यांना विचार करायला पुरेसा आहे.

मूल्यमापन

पुढील तक्ता फळ्यावर लिहावा आणि आकृती न देता वृक्ष काढायला सांगावे. प्रत्येकाचा फक्त जनक माहीत असला, तरी संपूर्ण वृक्ष उभा राहतो.

```
बिंदू : क  ख  ग  घ  च  छ  ज
जनक  : –  क  क  ख  ख  च  ग
```

पहिल्या प्रश्नात मूळ, पाने आणि कडांची संख्या विचारावी. उत्तर क, नंतर घ, छ, ज, आणि 6 असे आहे. दुसऱ्या प्रश्नात छ ची खोली आणि ख व ग यांची उंची विचारावी. उत्तरे 3, 2 आणि 1. तिसऱ्या प्रश्नात खोली आणि उंची यांची बेरीज वृक्षाच्या उंचीइतकी असलेले बिंदू शोधायला सांगावेत. ते क, ख, च, छ आहेत आणि मुळापासून सर्वांत दूरच्या पानापर्यंतच्या मार्गावर तेच येतात. ज्या विद्यार्थ्याने ग चाही समावेश केला असेल, त्याने उंची त्या बिंदूपासून मोजण्याऐवजी वृक्षाच्या तळापासून मोजली आहे. त्याच्याकडून उंचीची आवाजाची कृती वहीवर पुन्हा करून घ्यावी.

गृहपाठ: वरील वृक्षात ज चे अपत्य म्हणून झ हा बिंदू जोडा आणि कोणाची खोली किंवा उंची बदलते ते कारणासह लिहा. अपेक्षित उत्तर असे की आधीच्या कोणाचीही खोली बदलत नाही, झ ची खोली 3 येते, ज ची उंची 0 वरून 1 आणि ग ची 1 वरून 2 होते, तर क ची 3 च राहते, कारण ख कडून येणारी 2 ही संख्या ग च्या नव्या संख्येइतकीच आहे.