स्नेहल, तुझा रिव्ह्यू वाचला, बदलून पाठवतेय

स्नेहल, नाचणीच्या लाडवांच्या पेपरवरचा तुझा रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचला. आपण दोघींनी मिळून रिव्ह्यू करायचा हे एडिटरना आधीच कळवलंय आणि त्यांची हरकत नाहीये, त्यामुळे त्याची काळजी नको. पेपर तू खूप बारकाईने वाचलायस, टेबल 3 ची बेरीज जुळत नाही हे तर मी पहिल्या वाचनात पाहिलंही नव्हतं. पण रिपोर्ट असाच पाठवू नकोस. तुझे मुद्दे बरोबर आहेत, पण ज्यांच्या हातात हा कागद पडणार ती माणसं तो वाचून काय करतील ते मला दिसेना.

तुझ्या एकवीस मुद्द्यांतला पहिला आहे संदर्भांची पद्धत एकसारखी नाही, दुसरा स्वल्पविराम, आणि सतराव्या नंबरला तू लिहिलंयस, "टेबल 2 मध्ये 11 मुलींचं हिमोग्लोबिन 8 पेक्षा कमी आहे, त्यांचं काय?" अगं, हा सतरावा कसा? बारा-चौदा वर्षांच्या पोरी, हिमोग्लोबिन आठच्या खाली, आणि त्यांना दवाखान्यात पाठवलं की सहा महिने लाडूच देत राहिले हे पेपरमध्ये कुठेच नाही. एडिटर गडबडीत पहिले चार-पाच मुद्दे वाचतात, लेखकही तिथेच जीव लावतात, सतराव्यापर्यंत येईस्तोवर सगळे दमलेले असतात. म्हणून हा मुद्दा मी अगदी वर घेतलाय.

दुसरं, "लेखकांना संशोधन पद्धतीची मूलभूत माहितीसुद्धा नाही" हे वाक्य काढलंय. नंदुरबारच्या चार आश्रमशाळांत जाऊन 286 मुलींचं रक्त तपासून आलेली माणसं आहेत ती. चूक झाली असेल तर ती कुठल्या पानावर आहे आणि आता काय करता येईल ते सांगायचं, माणसाबद्दल बोलायचं नाही. "स्टॅटिस्टिक्स कमकुवत", "डिस्कशन वाढवावं", "भाषा खराब" यांचंही तसंच, कुठलं स्टॅटिस्टिक्स, काय वाढवावं, ते लेखकाला कळणार कसं? आणि तुझा स्वतःचा पेपर त्यांनी संदर्भात घ्यावा असं लिहिलंयस तेही काढलं. तो पेपर गरोदर बायकांवरचा आहे, इथे त्याची गरज नाही, आणि रिव्ह्यूअरने असं मागितलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

"रिजेक्ट करावा" हेही लेखकांसाठीच्या भागातून काढलं, शिफारस एडिटरच्या वेगळ्या चौकटीत जाते. मी तिथे मोठ्या दुरुस्त्या असं लिहितेय, कारण डेटा खरा आणि मेहनतीचा आहे, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष त्या डेटाला पेलत नाही.

आता खाली पूर्ण रिपोर्ट. भाषा साधीच ठेवलीय, त्रैमासिकाला तशीच हवी असते.

लेखकांसाठी

या अभ्यासात नंदुरबार जिल्ह्यातल्या चार आश्रमशाळांमधल्या, हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असलेल्या 286 मुलींना सहा महिने आठवड्यातून सहा दिवस नाचणी-गुळाचा एक लाडू दिला आणि सरासरी हिमोग्लोबिन 9.4 वरून 10.6 झालं असं मांडलंय. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात, तिथल्याच ताईंकडून, सहा महिने न खंडता लाडू करून घेणं सोपं नाही, आणि लाडू कसा केला, किती वजनाचा, कोणी खाल्ला याची नोंद लेखकांनी नीट ठेवलीय. असा प्रयोग करू बघणाऱ्या कुणालाही हा भाग उपयोगी पडेल. पुढचे पहिले तीन मुद्दे सुटल्याशिवाय मात्र मुख्य निष्कर्ष मान्य करणं आम्हाला कठीण वाटतं, बाकीचे त्यानंतरचे.

1. टेबल 2 प्रमाणे सुरुवातीला 11 मुलींचं हिमोग्लोबिन 8 पेक्षा कमी होतं आणि सहा महिन्यांनीही त्यातल्या 4 जणी तिथेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या वयाला 8 च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया. या मुलींना कधी, कुठे पाठवलं, कोणते उपचार मिळाले, पालकांना कळवलं का, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावं. उपचार मिळाले असतील तर त्यांचे आकडे मुख्य सरासरीतून वगळून पुन्हा दाखवावेत, कारण ती वाढ लाडवाची नाही. मिळाले नसतील तर तेही सरळ लिहावं, आणि एथिक्स कमिटीला आणि शाळेला कळवून त्या मुलींची तपासणी आधी करून घ्यावी, पेपर थोडा थांबला तरी चालेल.

2. पान 6 वर एका ओळीत येतं की चारही शाळांमध्ये याच काळात दर सोमवारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी सुरू होती. निकाल आणि चर्चेत तिचा पुन्हा उल्लेखच नाही. आम्हाला हा सगळ्यात मोठा अडसर वाटतो, म्हणून जरा आकडेमोड करून बघितली. लेखकांनी दिलेल्या मापाने एका लाडवात 25 ग्रॅम नाचणी आणि 15 ग्रॅम गूळ, दोन्हीचं मिळून लोह फार तर दोन मिलिग्रॅम. 26 आठवड्यांत 156 लाडू, म्हणजे सुमारे 310 मिलिग्रॅम, आणि नाचणीतली फायटेट्स, टॅनिन आणि भरपूर कॅल्शियम लोह शोषू देत नाहीत, तरी उदारपणे दहा टक्के शोषलं गेलं असं धरलं तर 31 मिलिग्रॅम. आता 40 किलोच्या मुलीत रक्त साधारण 2.7 लिटर, तिचं हिमोग्लोबिन 1.2 ने वाढायचं तर सुमारे 32 ग्रॅम नवं हिमोग्लोबिन लागतं, आणि एका ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह, म्हणजे जवळपास 110 मिलिग्रॅम. लाडवातून तेवढं येत नाही. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, 26 गोळ्यांचे 1560, त्याचे दहा टक्के धरले तरी 156. म्हणजे दिसलेली वाढ एकट्या गोळीनेही होऊ शकते. हा हिशोब ढोबळ आहे आणि लेखकांकडे याहून नेमके आकडे असतील तर त्यांनी जरूर द्यावेत. गोळ्या खरोखर किती जणींनी किती आठवडे घेतल्या याचं रजिस्टर शाळेत असतं, ते मिळवून लाडू आणि गोळी दोन्हीच्या नियमितपणानुसार हिमोग्लोबिनची वाढ वेगवेगळी दाखवता आली तर पेपरचं वजन खूप वाढेल. जवळपासच्या, लाडू न देणाऱ्या पण गोळी देणाऱ्या आश्रमशाळेच्या त्याच काळातल्या नोंदी मिळाल्या तर त्याहून उत्तम.

3. तुलनेचा गट नाही, आणि मुली निवडल्या त्याच मुळात कमी आकडा आला म्हणून. अशा वेळी काहीही न देता पुन्हा मोजलं तरी सरासरी थोडी वर येते, कारण पहिल्या दिवशी काही जणींचं रीडिंग चुकून खाली लागलेलं असतं. सुरुवातीच्या तपासणीत 11 च्या वर असलेल्या मुलींचंही सहा महिन्यांनी मोजमाप झालं असेल तर ते द्यावं, त्यावरून हा परिणाम किती असेल याचा अंदाज येईल. नसेल झालं तर आता मागे जाऊन करता येणार नाही हे आम्हाला मान्य आहे. मग शीर्षकातलं "नाचणीच्या लाडवाने ॲनिमिया बरा" बदलून "नाचणीचा लाडू देण्याचा प्रयोग आणि त्या काळातलं हिमोग्लोबिन" अशासारखं करावं, आणि सारांशातलं शेवटचं वाक्यही त्याच मापात आणावं. (तसंही 10.6 हा आकडा अजून ॲनिमियातच येतो.)

4. 286 पैकी शेवटी 221 मुली मोजल्या, म्हणजे 65 जणी, जवळपास 23 टक्के, गळाल्या. "दिवाळीनंतर परत आल्या नाहीत" एवढंच कारण दिलंय. या 65 जणींचं सुरुवातीचं हिमोग्लोबिन, वय आणि शाळा राहिलेल्या मुलींशेजारी एका टेबलात ठेवावं. जास्त अशक्त मुलीच घरी राहिल्या असतील तर उरलेल्यांची सरासरी तशीच वर दिसेल. शिवाय टेबल 3 मधल्या चार शाळांची बेरीज 218 येते, 221 नाही, ती तपासावी.

5. हिमोग्लोबिन साहली पद्धतीने मोजलंय, त्यात रंग डोळ्याने जुळवायचा असतो आणि नळीवरच्या रेघा 0.2 ग्रॅमच्या असतात, त्यामुळे टेबलातले 10.63 असे आकडे एका दशांशापर्यंतच द्यावेत. रीडिंग किती जणांनी घेतलं, आधीचं आणि नंतरचं एकाच व्यक्तीने का, आणि घेणाऱ्याला मुलगी लाडू खाणारी आहे हे ठाऊक होतं का, हे लिहावं. काही नमुने ऑटोॲनालायझरवर तपासले असतील तर ती तुलना द्यावी.

6. या भागात सिकल सेलचं प्रमाण बरंच आहे. मुलींची तपासणी झालेली असेल तर किती जणींना आजार होता ते सांगावं, कारण तो ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो आणि लाडवाने वा गोळीने हलणार नाही.

7. पेअर्ड टी-टेस्टमध्ये 221 मुली सुट्या धरल्यात, पण त्या चार शाळांतल्या आहेत आणि एका शाळेतलं जेवण सारखंच. प्रत्येक शाळेची वाढ वेगळी द्यावी, फक्त पी व्हॅल्यू न देता फरकाचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल द्यावा.

किरकोळ: चर्चेतला दुसरा परिच्छेद (पान 11) प्रस्तावनेतलाच आहे, तो काढून तिथे लाडवासोबत लिंबू किंवा आवळा देण्याचा विचार मांडता येईल, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. आकृती 1 मध्ये उभ्या अक्षाला एकक नाही. संदर्भांची मांडणी त्रैमासिकाच्या नमुन्याप्रमाणे करावी.

रिपोर्ट इथे संपला.

स्वल्पविरामाचे आणि शुद्धलेखनाचे तुझे सहा मुद्दे मी पूर्ण काढले, ते काम त्रैमासिकाचे मुद्रितशोधक करतील. सिकल सेलचा मुद्दा मी घातलाय, तो तुला पटत नसेल तर सांग, तू धडगावला दोन वर्षं काम केलंयस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुसऱ्या मुद्द्यातली आकडेमोड मात्र तू स्वतः एकदा कागदावर करून बघ, चाळीस किलो वजन मी अंदाजाने धरलंय, पेपरच्या टेबल 1 मध्ये सरासरी वजन असेल तर तेच घाल आणि पुढचे आकडे बदल.

एडिटरच्या चौकटीत पहिल्या मुद्द्याबद्दल दोन ओळी वेगळ्या लिही, आणि शक्य असेल तर त्यांना आज फोनही कर, त्या चार मुलींसाठी रिव्ह्यूच्या तारखेची वाट बघायला नको. बाकी रिपोर्ट गुरुवारपर्यंत गेला तरी चालेल.