मीडियाची मालकी मोजक्या हातात: प्रेझेंटेशनची आउटलाइन

स्लाइड १: सुरुवात अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकापासून, तो पेपर संपादकाच्या नावानं ओळखला जायचा. मग वर्गाला विचारायचं, तुमच्या घरी येणाऱ्या पेपरचा मालक कोण?

स्लाइड २: पटकन. २०१४ ला नेटवर्क१८ रिलायन्सकडं, २०२२ च्या शेवटी एनडीटीव्ही अदानीकडं.

स्लाइड ३: इथं वेळ द्यायचा. मालकाला फोन करून बातमी थांबवायची गरजच पडत नाही, कुठल्या धंद्याला हात लावायचा नाही हे रिपोर्टरला आपोआप कळतं, आणि खर्च वाचवायला एकच कॉपी सगळ्या आवृत्त्यांत गेली की बीडच्या ऊसतोड कामगाराची बातमी पहिली कटते. उदाहरण लातूर: एप्रिल २०१६ ला मिरजहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे आले, पण पाणी का आटलं हे रोज कोण लिहिणार? मला हाच सगळ्यात मोठा तोटा वाटतो.

स्लाइड ४: दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे मांडायची, छोटे पेपर सरकारी जाहिरातींवर जगतात म्हणजे तेही मोकळे नाहीतच.

स्लाइड ५: दूरसंचार आणि प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी नियामक संस्थेनं ऑगस्ट २०१४ मध्ये मीडियाच्या मालकीवर मर्यादा सुचवल्या, राजकीय पक्षांना मीडियात येऊ देऊ नका असंही सांगितलं. कायदा झालाच नाही. इथून चर्चा सुरू करायची.